सकाळी न उठणारा संगणक

देवगड तालुक्यात खाडीच्या तोंडाशी एका आंबा बागायतदाराचं घर आहे. भिंती चिऱ्याच्या, पुढे पडवी आणि पडवीला लागून एक खोली. एप्रिल-मे महिन्यांत त्या खोलीत पेट्या भरल्या जातात आणि कोपऱ्यातल्या संगणकावर दिवसभर पार्सलांची बिलं निघतात. हंगाम सरला की संगणकावर प्लास्टिकचं आवरण चढतं आणि पुढचे दीड-दोन महिने त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. जुलै उजाडतो, प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायची मुदत जवळ येते आणि तेव्हा कुठे पुन्हा बटण दाबलं जातं. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो. आतून लांब बीप ऐकू येत राहते. बंद करून पुन्हा चालू करावं, असं तीन-चार वेळा केलं की एकदाचा सुरू होतो. सुरू झाला की संध्याकाळपर्यंत कुरकुर नाही.

“सकाळी काय उठणा नाय, दुपारी मातर पयल्याच झटक्यात उठता,” बागायतदारांनी मला सांगितलं. आदल्या पावसाळ्यात दुरुस्तीवाल्याने त्यांचा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, बदलून दिला होता. थोडे दिवस बरे गेले आणि मग पाढे पंचावन्न. आता नवा मदरबोर्ड घ्या, असा सल्ला मिळाला होता.

त्या संगणकाचा मदरबोर्ड चांगला होता, आधीचा एसएमपीएसही बहुधा चांगलाच असावा. बिघाड होता तो दोन भाग जिथे एकमेकांना टेकतात त्या जोडांमध्ये. किनारपट्टीवर, आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या कुठल्याही तळमजल्याच्या खोलीत, हा बिघाड नेहमी आढळतो. तो नीट ओळखला नाही तर चांगले भाग भंगारात जातात आणि दुखणं तिथेच राहतं.

बिघाड सुरू होतानाच का दिसतो

रॅमची पट्टी मदरबोर्डवरच्या खाचेत बसते. पट्टीच्या कडेला सोनेरी पट्टे असतात. बागायतदारांच्या संगणकात होती तशा डीडीआर-३ जातीच्या पट्टीवर दोन्ही बाजू मिळून असे २४० पट्टे येतात. खाचेतल्या तितक्याच बारीक स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात. आपल्या डोळ्यांना पट्टा आणि स्प्रिंग एकमेकांना सपाट चिकटलेले दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोन्ही पृष्ठभाग खडबडीत असतात, आणि खरा स्पर्श होतो तो काही मोजक्या उंचवट्यांवर. सगळा विद्युतप्रवाह त्या टिचभर जागेतून जातो. तिथे मळाचा किंवा गंजाचा पातळ थर आला की वाट अरुंद होते.

घरातल्या दिव्याच्या बटणातही मळ साचतो, पण तिथे दाब २३० व्होल्टचा असतो. एवढा दाब पातळ थर भेदून पार होतो आणि दिवा लागतो. डीडीआर-३ रॅम चालते १.५ व्होल्टवर, त्यानंतरची डीडीआर-४ तर १.२ व्होल्टवर. इतक्या कमी दाबाला मळाचा पापुद्राही भारी पडतो. त्यातून पट्ट्यांवरून जाणारे संकेत सेकंदाला कोट्यवधी वेळा बदलत असतात. जोडाचा रोध जरासा वाढला तरी संकेत विकृत होतो आणि एकच्या जागी शून्य वाचलं जातं.

बटण दाबल्यावर मदरबोर्ड सर्वांत आधी रॅमची परीक्षा घेतो. रॅम जागेवर आहे का, किती आहे, तिच्याशी कोणत्या वेगाने बोलायचं, संकेत नेमक्या कोणत्या क्षणी वाचायचा, हे सगळं तो सुरुवातीच्या काही क्षणांत ठरवतो. यात एक जोड जरी नापास झाला तरी पुढचं काहीच घडत नाही. पडद्यावर अक्षर उमटण्याआधीच काम थांबतं, म्हणून तक्रार बीपच्या आवाजाने करावी लागते. हल्लीच्या बऱ्याच मदरबोर्डवर आवाजाऐवजी चार बारीक दिवे असतात. त्यांतला `DRAM` लिहिलेला दिवा पेटून राहिला तर संशयाची सुई रॅमकडे वळते.

हवेतलं पाणी आणि हवेतलं मीठ

स्वच्छ धातूवर नुसत्या दमट हवेने लगेच गंज चढत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की धातूवर पाण्याचा अतिशय पातळ थर धरू लागतो आणि गंजण्याचा वेग वाढतो. पण किनाऱ्यावर पाण्याच्या जोडीला मीठ असतं. लाटा फुटताना उडणारे खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब वाऱ्याबरोबर आत येतात, धुळीत मिसळतात आणि पंख्याच्या ओढीने कॅबिनेटमध्ये शिरतात. पावसाळ्यात डब्यातल्या जाड्या मिठाला पाणी सुटतं, तेच या धुळीचं होतं. शुद्ध मीठ ७५ टक्के आर्द्रतेला विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मात्र मॅग्नेशियम क्लोराईडही असतं आणि ते अवघ्या ३३ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणजे किनाऱ्यावरच्या संगणकातली धूळ वर्षातला बराचसा काळ ओलसरच असते. पावसाळ्यात ती खाऱ्या चिखलासारखी होते. तिच्यातून वीज वाहू शकते आणि तिच्याखाली गंजाची क्रिया चालू राहते.

सोनं गंजत नाही, मग सोनेरी पट्ट्यांचं काय बिघडतं? पट्ट्यावरचा सोन्याचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. सोन्याखाली निकेल आणि निकेलखाली तांबं. इतक्या पातळ थरात बारीक छिद्रं राहतातच, आणि स्वस्त पट्ट्यांवर थर आणखी पातळ असल्याने ती जास्त असतात. खारं पाणी छिद्रातून खालच्या धातूपर्यंत पोचलं की सोनं आणि तो धातू मिळून एक चिमुकला विद्युतघट तयार होतो. त्यात सोनं सुरक्षित राहतं आणि खालचा धातू झिजतो. गंजाचा क्षार छिद्रातून वर येऊन सोन्यावर पसरतो, त्याचे करडे किंवा तपकिरी ठिपके दिसतात. पट्ट्याच्या अगदी टोकाला, जिथे कड कापलेली असते, तिथे तांबं थोडं उघडंच असतं. हिरवट झाक दिसते ती बहुधा तिथे.

बंद यंत्र जास्त सोसतं

दमटपणाचा त्रास चालू संगणकापेक्षा बंद संगणकाला जास्त होतो. बागायतदारांचं दुपारचं कोडं याच गोष्टीने उलगडतं.

जुलैतल्या सकाळी खोलीत २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता आहे असं धरू. संगणक चालू झाला, आतली हवा तापून ३७ अंशांवर गेली. हवेत पाणी तेवढंच आहे, पण गरम हवा जास्त पाणी धरू शकते, त्यामुळे आतली सापेक्ष आर्द्रता उतरून ५१ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे चालू यंत्र स्वतःच्या उबेने स्वतःला कोरडं ठेवतं. धुळीतली ओल कमी होते आणि ओलीतून इकडून तिकडे झिरपणारी वीज थांबते. म्हणून एकदा सुरू झालेला संगणक दिवसभर कुरकुरत नाही आणि दुपारी पुन्हा लावला तरी पहिल्या झटक्यात उठतो. रात्रभर बंद राहिला की खोलीइतकाच दमट होतो. महिनाभर बंद राहिला की गंजाला निवांत वेळ मिळतो. त्यात वर प्लास्टिक घट्ट गुंडाळलेलं असेल तर आत शिरलेली ओल बाहेरही पडत नाही.

वातानुकूलित खोलीतही एक फसगत होते. २७ अंश आणि ९० टक्क्यांच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या किंचित वर असतो. म्हणजे त्याहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर ही हवा पाणी सोडते. रात्रभर २२ अंशांवर एसी चालवला, सकाळी बंद करून खिडक्या उघडल्या, तर आत आलेली पावसाळी हवा थंड कॅबिनेटला टेकताच दव धरतं, आणि ते आतल्या भागांवरही धरतं. अशा वेळी संगणक लगेच चालू करू नये. खोलीच्या तापमानाला येऊन तो कोरडा व्हायला तास-दोन तास द्यावेत.

दोष ओलीचाच आहे, हे कसं ओळखावं

सकाळी न उठणाऱ्या प्रत्येक संगणकाचा दोष ओलीवर ढकलून चालत नाही. मदरबोर्डवरचे आणि एसएमपीएसमधले दंडगोल कपॅसिटर म्हातारे झाले की तेही थंड असताना नीट काम करत नाहीत आणि तापल्यावर सुधारतात. लक्षण वरवर सारखंच. त्यामुळे आधी निदान, मग हत्यार.

बागायतदारांना मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोंद ठेवायला सांगितलं: किती वाजता लावला, कितव्या खेपेला उठला, बीप आली की नाही, बाहेर पाऊस होता की उघडीप. आठवड्याभरात चित्र दिसू लागलं. झड लागलेल्या दिवशी खेपा जास्त लागत होत्या, दोन दिवस ऊन पडलं तेव्हा कमी.

मग मी त्यांना जानेवारीबद्दल विचारलं. किनाऱ्यावर जानेवारीतली पहाट जुलैतल्या सकाळीपेक्षा बरीच गार असते, पण हवा कोरडी असते. दोष थंडीने अडणाऱ्या कपॅसिटरचा असता, तर तो जानेवारीत जास्त जाणवायला हवा होता. त्यांचा संगणक जानेवारीत रोज बिनतक्रार उठत होता, म्हणजे कारण गारवा नव्हता. झाकण उघडल्यावर मदरबोर्डवरचे कपॅसिटरही पाहिले. त्यांची डोकी सपाट होती, कुठे फुगवटा नव्हता की चिकट द्रव पाझरला नव्हता.

शेवटची चाचणी उबेची. जुना तारेचा ४० वॅटचा दिवा टेबलावर कॅबिनेटच्या बाजूला, हातभर अंतरावर तासभर लावून ठेवायचा आणि मग संगणक सुरू करायचा. एलईडी दिव्याचा इथे उपयोग नाही, त्याची ऊब पुरत नाही. एक दिवस दिवा लावून, एक दिवस न लावता, असं आलटून पालटून केलं. दिवा लावलेल्या सकाळी यंत्र पहिल्याच खेपेला उठलं, न लावलेल्या सकाळी पुन्हा तीच रडकथा. दिवा कपड्याला, कागदाला किंवा प्लास्टिकला टेकणार नाही याकडे मात्र सतत लक्ष हवं. केस वाळवायच्या यंत्राने गरम हवा मारायचा मोह टाळावा. त्याने खारी धूळ आणखी आत ढकलली जाते आणि प्लास्टिकच्या खाचा वाकू शकतात.

साफ करण्याआधी

पहिलं काम विजेचं. नुसता स्विच बंद करून भागत नाही. संगणक बंद असला तरी प्लग लावलेला असताना मदरबोर्डवर ५ व्होल्टचा दाब जागा असतो. संगणक यूपीएसवर असेल तर घरातली वीज गेलेली असतानाही वायरमध्ये वीज असते. म्हणून मागची वायर काढून बाजूला ठेवावी, पडद्याची आणि इंटरनेटचीही काढावी. मग पुढचं बटण दहा सेकंद दाबून धरावं, म्हणजे आत उरलेला भार निघून जातो. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

दुसरं काम अंगावरच्या स्थिर विजेचं. पावसाळ्यात ती कमी साठते, पण नसतेच असं नाही. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून मग काम सुरू करावं आणि मधूनमधून तो पुन्हा लावावा. अंगात टेरिलीनपेक्षा सुती कपडे बरे. हात धुऊन कोरडे करावेत, कारण घामातही मीठ असतं. रॅमची पट्टी कडांना धरावी, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये.

तिसरं काम डेटाचं. संगणक उठेल त्या दिवशी आधी बिलं, हिशेब आणि फोटो दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत आणि मगच झाकण उघडावं.

साफ कसं करावं

लागणारं द्रव्य एकच: आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्के शुद्धतेचं. इलेक्ट्रॉनिक्सचं सामान विकणाऱ्या दुकानात ते मिळतं. ते मळ सोडवतं, पाणी आपल्यात ओढून घेतं आणि मागे काही न ठेवता उडून जातं. ७० टक्क्यांच्या बाटलीत ३० टक्के पाणी असतं, ते इथे नको. हँड सॅनिटायझरमध्ये हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं, ते पट्ट्यावर राहून उलट ओल धरतं. नेलपॉलिश काढायचं द्रव्य प्लास्टिक खातं. गंज सोडवणारे तेलकट फवारे पातळ तेल मागे ठेवतात आणि त्यावर धूळ बसते. आयसोप्रोपिल चटकन पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी असावी, आणि जवळ समई, उदबत्ती किंवा डासांची कॉइल पेटलेली नसावी. बाटलीचं झाकण लगेच लावावं, नाहीतर पावसाळी हवेत हे द्रव्य स्वतःच पाणी पिऊन बसतं.

प्रथम कोरडी सफाई. कॅमेऱ्याची भिंग साफ करायला मिळतो तसा रबरी फुगा आणि मऊ ब्रश वापरून धूळ काढावी. तोंडाने फुंकर मारू नये, तिच्याबरोबर वाफ आणि थुंकी आत जाते. मग खाचेच्या टोकाची खिट्टी बाजूला ढकलून रॅमची पट्टी बाहेर काढावी. कोणती पट्टी कोणत्या खाचेत होती, त्याचा मोबाइलवर फोटो घेऊन ठेवावा.

चष्मा पुसायचं धागे न सुटणारं फडकं आयसोप्रोपिलमध्ये जरासं भिजवावं. पट्टी टेबलावर टेकवून सोनेरी पट्ट्यांवरून फडकं त्यांच्या लांबीच्या दिशेने, आतून कडेकडे न्यावं. आडवं घासू नये, नाहीतर एका पट्ट्याचा मळ दुसऱ्यावर जातो आणि बाजूचे बारीक भाग उचकटले जातात. फडक्याची जागा बदलत राहावी. बागायतदारांच्या पट्टीचा पहिला हात फडक्यावर करडी रेघ उमटवून गेला, पुढच्या हातांना ती फिकी होत गेली. फडकं स्वच्छ राहू लागलं की थांबायचं.

खोडरबराबद्दल सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे रॅमला “रबर मारणं” हा जवळपास प्रत्येक दुरुस्तीवाल्याचा पहिला उपाय आहे. त्याने संगणक उठतोही, म्हणून ती सवय टिकली आहे. पण रबर मळाबरोबर सोनंही खरवडतं. शाई खोडायच्या खडबडीत रबरात तर घासण्यासाठीच दगडाची भुकटी असते. दर पावसाळ्यात रबर मारलेल्या पट्टीवरचा थर विरत जातो, छिद्रं वाढतात आणि पुढचा गंज आधीपेक्षा लवकर येतो. म्हणजे उपायच पुढच्या आजाराचं कारण बनतो. आयसोप्रोपिलने न हटणारा डाग राहिलाच तर मऊ पांढऱ्या रबराचा एखादा हलका हात पट्ट्याच्या लांबीने द्यावा आणि त्यानंतर आयसोप्रोपिलने कण पूर्ण पुसून घ्यावेत. रबराचे कण खाचेत गेले तर नवाच अडथळा उभा राहतो. सॅंडपेपर आणि ब्लेड यांना इथे अजिबात जागा नाही.

खाचेच्या आत फडकं, काडी किंवा टाचणी घालू नये, तिथल्या स्प्रिंगा फार नाजूक असतात. फुग्याने धूळ उडवावी. मग पुसलेल्या पट्टीची कड आयसोप्रोपिलने किंचित ओलसर करून ती खाचेत सरळ बसवावी, काढावी, पुसावी, आणि असं दोनदा करावं. बसताना स्प्रिंग पट्ट्यावरून घसटत जाते आणि स्वतःही साफ होते. रॅमची पट्टी नुसती काढून घातली तरी संगणक उठतो, त्यामागेही हेच घसटणं असतं. पण ही खाच मुळात पंचवीसेक वेळा काढण्या-घालण्याच्या हिशेबाने बनवलेली असते, रोजच्या हाताळणीसाठी नव्हे. शेवटी सगळं कोरडं होऊ द्यावं. पावसाळ्यात त्याला निदान अर्धा तास द्यावा आणि मगच वीज जोडावी. प्रोसेसर मात्र जागचा हलवू नये. त्याच्याखालच्या बारीक पिना वाकल्या तर मदरबोर्ड गेलाच म्हणून समजा.

झाकण उघडलंच आहे तर मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्यासारखा सेलही पाहावा. त्याच्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं. नवा सेल ३ व्होल्टचा असतो. मीटरवर तो २.७ च्या खाली दिसला तर बदलावा. संगणक बंद असताना घड्याळ आणि सुरुवातीच्या नोंदी या सेलवर टिकतात. त्यातून होणारा खर्च इतका सूक्ष्म असतो, की सेलभोवतालच्या ओलसर धुळीतून झिरपणारी वीजही त्याला लवकर रिकामा करू शकते. तारीख दर वेळी कित्येक वर्षं मागे जाणं ही त्याची खूण. त्या नोंदी पुसल्या की कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं हेही संगणक विसरू शकतो. म्हणजे न उठण्याचं हे दुसरं कारण, आणि तेही ओलीशीच जोडलेलं. सेलच्या पत्र्याच्या पकडीवर डाग असतील तर तेही आयसोप्रोपिलने पुसून घ्यावेत.

सफाई लागू पडली का

संगणक एकदा उठला म्हणजे काम झालं असं नव्हे, तो तर आधीही चौथ्या खेपेला उठतच होता. विंडोज असेल तर शोधाच्या चौकटीत हे टाइप करावं:

```
mdsched.exe
```

संगणक पुन्हा सुरू होऊन रॅम तपासतो आणि चूक सापडली तर सांगतो. चूक आलीच तर एका वेळी एकच पट्टी, एकाच खाचेत लावून पाहावं. चूक पट्टीबरोबर फिरली तर दोष पट्टीचा, एकाच खाचेला चिकटून राहिली तर खाचेचा. एवढ्या साध्या अदलाबदलीने नवा मदरबोर्ड घ्यायचा की नुसती एक रॅम, हे ठरतं आणि हजारोंचा फरक पडतो. खरी परीक्षा मात्र झडीच्या सकाळीची. दिवा न लावता, लागोपाठ आठवडाभर पहिल्या खेपेला उठला तर जोड सुधारला.

बागायतदारांची रॅम तपासणीत उत्तीर्ण झाली. पण हवा तीच, मीठ तेच, म्हणून त्यांनी दोन सवयी बदलल्या. हंगाम संपल्यावरही संगणक रोज संध्याकाळी तासभर चालू ठेवायचा, काम असो वा नसो. आणि प्लास्टिकऐवजी यंत्र थंड झाल्यावर सुती कापड घालायचं. टेबलही ओल धरणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. कॅबिनेटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात का, असंही त्यांनी विचारलं. त्या घट्ट झाकणाच्या डब्यात कामाच्या असतात. कॅबिनेटला चहूबाजूंनी भोकं असतात, त्यातून येणाऱ्या पावसाळी हवेपुढे त्या बघता बघता भिजून निकामी होतात.

सफाईची हद्द

हे सगळे उपाय दमट हवेसाठी आहेत. पुराचं पाणी शिरलेल्या संगणकाची गोष्ट वेगळी. २०२१च्या जुलैत चिपळूणमध्ये घराघरांत आणि दुकानांत पाणी घुसलं होतं. तशा पाण्यातला चिखल आणि सांडपाणी चिपांच्या खालीही जाऊन बसतं. असा संगणक चालू होतो का हे पाहण्यासाठी वीज जोडणं सगळ्यांत घातक. तो वीज न लावता कारागिराकडे न्यावा आणि डिस्क आधी बाहेर काढून घ्यावी.

दमट हवेच्या बाबतीतही सफाई फक्त वरचा मळ आणि क्षार काढते. गेलेलं सोनं परत येत नाही. मदरबोर्डवरच्या बारीक रेषा हिरव्या पडल्या असतील, चिपांच्या पायांभोवती पांढरा किंवा हिरवा फुलोरा असेल, तर गंज जोडापलीकडे पोचलेला आहे आणि तिथे घरगुती सफाईने काही साधत नाही. नीट साफ केलेला जोड त्याच पावसाळ्यात पुन्हा अडू लागला, तर खालचा धातू उघडा पडला असं समजावं. पुन्हा पुन्हा घासत बसण्यापेक्षा ती रॅम बदलणं स्वस्त पडतं. अदलाबदलीत दोष खाचेचा निघाला असेल, तर दुसऱ्या खाचेत पट्टी लावून काम भागतं का ते आधी पाहावं, आणि तरीही भागलं नाही तरच नव्या मदरबोर्डचा खर्च करावा.